‘तुमचे मत सकारण लिहा’ : भाषावार प्रांतरचनेच्या एका प्रश्नावरून दहावीच्या मुलांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत समाज विज्ञानाची मुलं सनावळ्या, करार, नद्या सगळं बऱ्यापैकी तयार करतात. पेपरात ‘तुमच्या मते’ असं आलं की मात्र गडबड होते. निम्मी मुलं घाबरून दोन्ही बाजूंचं थोडं थोडं लिहितात आणि मत देतच नाहीत. उरलेली भाषण ठोकतात. आणि प्रश्न प्रादेशिकवादाचा किंवा भाषावार प्रांतरचनेचा असला, तर भाषण ठोकणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. ते साहजिक आहे. हा विषय आपल्याकडे घरात जेवताना निघतो, गल्लीत निघतो, एक नोव्हेंबरला तर निघतोच. म्हणून मतप्रश्न शिकायला याच विषयावरचा प्रश्न घेऊ. इथे हात बसला की हुंडा, धरणं, बालमजुरी, ग्राहक हक्क यांवरचे मतप्रश्न सोपे वाटतील.

सरावासाठी प्रश्न असा धरू:

भाषावार प्रांतरचनेमुळे देशाची एकता बळकट झाली की प्रादेशिकवाद वाढला? तुमचे मत सकारण लिहा. (4 गुण)

आधी क्रियापद वाचा

प्रश्नातला विषय सगळेच वाचतात, शेवटचं क्रियापद थोडेच वाचतात. ‘समर्थन करा’ असं असेल तर बाजू प्रश्न काढणाऱ्याने आधीच ठरवून दिली आहे. तुम्हाला फक्त कारणं द्यायची आहेत, उलट बाजू मांडत बसलात तर त्या ओळी वाया जातात. ‘चर्चा करा’ किंवा ‘विश्लेषण करा’ असेल तर दोन्ही बाजू हव्यात, स्वतःचा निष्कर्ष एका ओळीत आला तरी चालतो. ‘तुमचे मत सकारण लिहा’ यात मत आणि कारण अशा दोन मागण्या आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात.

आपल्या प्रश्नात आणखी एक गोष्ट आहे. त्यात ‘की’ आहे. ‘की’ने जोडलेल्या प्रश्नात दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असू शकतात, पण तुम्हाला एक पारडं जड आहे असं म्हणावंच लागतं. ‘दोन्ही झालं’ एवढंच लिहून थांबलेलं उत्तर अर्धवट राहतं.

गुण कसे पडतात, वेळ किती आहे

कर्नाटकच्या दहावीला समाज विज्ञानाचा लेखी पेपर 80 गुणांचा आणि शाळेतलं अंतर्गत मूल्यमापन 20 गुणांचं. पेपराचा वेळ सव्वातीन तास, त्यातली पहिली पंधरा मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला. म्हणजे लिहायला 180 मिनिटं आणि गुण 80. एका गुणाला सव्वादोन मिनिटं येतात, चार गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं. यातली दोन मिनिटं विचाराला ठेवा, सहा लिहायला, एक वाचून बघायला. नकाशाचे पाच गुण शेवटी घाईत घालवायचे नसतील तर हा हिशेब पाळावा लागतो.

उत्तरसूचीत चार गुणांच्या प्रश्नाला बहुतेक वेळा आठ मुद्दे, प्रत्येकी अर्धा गुण, किंवा चार मुद्दे, प्रत्येकी एक गुण, असं धरलेलं असतं. तीन गुणांना सहा अर्धे किंवा तीन पूर्ण. तपासणारे शिक्षक दिवसभरात पेपरामागून पेपर बघत असतात आणि त्यांची नजर मुद्दे मोजत खाली सरकते. म्हणून मुद्दा सुटा आणि ठळक दिसला पाहिजे. आठ मुद्द्यांची तयारी ठेवली की उत्तरसूची कशीही असली तरी निभावतं. बारा लिहून मात्र जास्तीचे गुण मिळत नाहीत, वेळ तेवढा जातो.

बिघडलेलं उत्तर कसं दिसतं

चाचणी परीक्षेत सहज दिसेल असं एक उत्तर घेऊ. मी ते इथे समजावण्यापुरतं रचलं आहे, पण या भागातल्या कुठल्याही शिक्षकाला ते ओळखीचं वाटेल.

‘भाषावार प्रांतरचना चुकीची होती. त्यामुळे आमच्या भागावर अन्याय झाला. सरकारने लोकांचे ऐकले नाही. मराठी लोक जास्त असूनही आम्हाला दुसऱ्या राज्यात घातले. आजही लोक लढत आहेत. त्यामुळे प्रादेशिकवाद वाढला. सर्वांना न्याय मिळालाच पाहिजे.’

सात वाक्यं आहेत, मुलाची तळमळ खरी आहे, आणि तरी गुण फार तर एक किंवा दीड पडेल. पहिलं कारण सरळ आहे. दुसरं, तिसरं आणि चौथं वाक्य एकच गोष्ट तीनदा सांगतात. मोजताना तो एकच मुद्दा होतो. सातवं वाक्य मागणी आहे, कारण नव्हे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते वर्गात बसून शांतपणे समजून घ्यावं लागतं. या उत्तरात तर्क उलटा फिरला आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाचं गाऱ्हाणं काय आहे? आमच्या भागात मराठी बोलणारे जास्त, म्हणून भाषेच्या तत्त्वानुसार आम्हाला मराठी राज्यात घालायला हवं होतं, हे. म्हणजे ते गाऱ्हाणं भाषावार प्रांतरचनेच्या तत्त्वाच्या बाजूचं आहे. ते तत्त्व इथे नीट लावलं गेलं नाही, अशी ती तक्रार आहे. तिच्यावरून ‘भाषावार प्रांतरचनाच चुकीची’ असा निष्कर्ष निघत नाही. तत्त्व चूक असणं आणि अंमलबजावणीत वाद राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाला हा फरक कळला त्याचं उत्तर आपोआप समतोल होतं, कारण त्याला एकाच वेळी ‘तत्त्व चांगलं होतं’ आणि ‘सीमेवर प्रश्न राहिले’ ही दोन्ही वाक्यं प्रामाणिकपणे लिहिता येतात.

दोन मिनिटांची कच्ची यादी

पानाच्या कडेला किंवा शेवटच्या पानावर ‘कच्चे काम’ लिहून मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे ‘एकता’, उजवीकडे ‘प्रादेशिकवाद’. वाक्यं लिहायची नाहीत, एकेक दोनेक शब्द टाकायचे. सुचेल तसं सुचू द्या, निवड नंतर करायची.

डावीकडे साधारण असं येईल: कारभार लोकांच्या भाषेत. शाळा मातृभाषेत. विखुरलेले कन्नड भाषिक एकत्र. देश फुटला नाही. फाझल अली आयोग.

उजवीकडे: बेळगाव. सीमावाद. अल्पसंख्याक. कावेरी पाणी. तेलंगण. भूमिपुत्र. अन्याय.

यादीसाठी माल कुठून येणार? पाठ्यपुस्तकातून आणि डोक्यात पक्क्या असलेल्या चार तारखांतून. या प्रश्नापुरत्या एवढ्या गोष्टी नीट माहीत असल्या की पुरे. 1953 मध्ये तेलुगू भाषिकांसाठी आंध्र हे वेगळं राज्य झालं. त्याच वर्षी न्यायमूर्ती फाझल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, त्यात हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे सदस्य होते. आयोगाने 1955 मध्ये अहवाल दिला. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने 1 नोव्हेंबर 1956 पासून 14 राज्यं आणि 6 केंद्रशासित प्रदेश झाले. तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात आला. 1973 मध्ये म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. सीमाप्रश्नासाठी 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल 1967 मध्ये आला. तो कर्नाटकाने मान्य केला, महाराष्ट्राने नाकारला. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

हे सगळं उत्तरात कोंबायचं नाही. दोन किंवा तीन मुद्द्यांना आधार म्हणून एकेक तारीख पुरते. आणि सालाची खात्री नसेल तर साल लिहूच नका. ‘1956 च्या सुमारास’ असंही नको. ‘स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच’ हे बरोबर आहे आणि त्याने मुद्दा पडत नाही. चुकीचं साल मात्र लाल शाईला बोलावतं.

चाळणी: गाऱ्हाणं आणि कारण वेगळं करा

आता प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: हे वाचून शेजारच्या कन्नड माध्यमाच्या वर्गातला मित्र ‘हो, हे खरं आहे’ म्हणेल का? त्याचं मत तुमच्यापेक्षा वेगळं असू दे. वाक्यात सांगितलेली गोष्ट त्याला नाकारता येऊ नये. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे तो मान्य करणार नाही, कारण त्याच्या घरी उलट बोललं जातं. ‘सीमा कुठेही आखली तरी दोन्ही बाजूंना दुसऱ्या भाषेचे लोक राहतात, आणि त्यांना शिक्षण व सरकारी कागदपत्रं आपल्या भाषेत मिळण्यात अडचण येते’ हे तो मान्य करील. सोलापूर, अक्कलकोट, जतकडचे कन्नड भाषिक त्याला माहीत असतात. भावना तीच आहे, फक्त आता ते कारण झालं आहे. ‘अन्याय’, ‘लादलं’, ‘हिसकावलं’ असे शब्द यादीत दिसले की त्यांच्या जागी काय घडतं ते लिहायचं: कोणाला, कशात, कोणती अडचण येते.

दुसरा प्रश्न: ही गोष्ट खरंच भाषावार प्रांतरचनेमुळे घडली का? इथे ‘कावेरी पाणी’ गळून पडतं. पाण्याचा वाद राज्यांत आहे हे खरं, पण तो भाषेमुळे झालेला नाही. कावेरीच्या पाण्यावरून म्हैसूर संस्थान आणि मद्रास यांच्यात 1892 आणि 1924 मध्ये करार झाले होते, तेव्हा भाषावार राज्यं नव्हतीच. नदी दोन सरकारांच्या हद्दीतून वाहिली की वाद होऊ शकतो. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईचंही तेच, गोव्याशी असलेला वाद पाण्याच्या वाटपाचा आहे. हा मुद्दा बहुतेक मुलं लिहितात आणि बरेच शिक्षक गुण देऊनही टाकतात, पण काटेकोर तपासणाऱ्याच्या हाती पेपर गेला तर तो अर्धा गुण जातो. जागा आहे तर जास्त पक्का मुद्दा घ्यावा.

उलट ‘तेलंगण’ हा मुद्दा सोन्यासारखा आहे आणि मुलं तो क्वचितच लिहितात. आंध्र आणि तेलंगण दोन्हीकडे तेलुगू बोलतात. तरी 2014 मध्ये तेलंगण वेगळं राज्य झालं. म्हणजे लोकांना एकत्र ठेवायला एक भाषा पुरत नाही, विकासाचा असमतोलही बघावा लागतो. महाराष्ट्रात विदर्भाची मागणी याच प्रकारची. एका मुद्द्यात प्रादेशिकवाद फक्त भाषेतून येत नाही हे सिद्ध होतं, आणि तोही कुणाला न दुखावता.

मांडणी: मत वर, मर्यादा खाली, उपाय शेवटी

निबंधात आपण शेवटी मत देतो. इथे तसं करू नका. पहिल्याच ओळीत मत लिहा, त्यातच ‘मात्र’ घालून दुसऱ्या बाजूची दखल घ्या. तपासणाऱ्याला लगेच कळतं की मुलाने बाजू घेतली आहे आणि दुसरीही बघितली आहे. मग आपल्या बाजूची चार कारणं, मग मर्यादांची तीन, आणि शेवटी उपायाचा एक मुद्दा. चार आणि तीन असं प्रमाण मुद्दाम ठेवलं आहे. चार-चार केलं तर मत डळमळीत दिसतं, सहा-एक केलं तर समतोल दिसत नाही.

प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीला एक-दोन शब्दांचं शीर्षक लिहून खाली पट्टीने रेघ मारा. वेगळी शाई नको, त्याच पेनने. शीर्षकानंतर एकच पूर्ण वाक्य, आणि त्या वाक्यात ‘त्यामुळे’, ‘कारण’ किंवा ‘तरी’ असा एखादा जोडशब्द असावा. नुसतं ‘प्रशासन सुलभ’ हे शीर्षक झालं, मुद्दा झाला नाही. ‘सकारण’ मागितलेल्या प्रश्नात कारणाचा जोडशब्द दिसला नाही तर तो अर्धा गुण मागून घेणं कठीण जातं.

आता पूर्ण उत्तर:

मत: भाषावार प्रांतरचनेमुळे देशाची एकता एकंदरीत बळकट झाली; मात्र सीमाभागात तिच्या मर्यादाही दिसून आल्या.

एकता बळकट झाली, कारण

1. प्रशासन: राज्यकारभार लोकांच्या भाषेत चालू लागला, त्यामुळे सामान्य माणसाला सरकारी व्यवहार समजू लागले.

2. शिक्षण: राज्याची भाषा ठरल्यामुळे त्या भाषेत शाळा, पाठ्यपुस्तके व शिक्षक यांची सोय करणे सोपे झाले.

3. विखुरलेले लोक एकत्र: मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर व कोडगू अशा वेगवेगळ्या प्रशासनांत विभागलेले कन्नड भाषिक 1956 मध्ये बहुतांशी एका राज्यात आले, त्यामुळे त्यांच्या भागाचा एकत्रित विचार होऊ लागला.

4. घटनेची चौकट: भाषिक मागण्या संसदेच्या कायद्याने सोडवल्या गेल्या, त्यामुळे भाषेवरून देश फुटेल ही भीती खरी ठरली नाही.

मर्यादा

5. भाषिक अल्पसंख्याक: सीमेवर मिश्र वस्ती असल्यामुळे दोन्ही बाजूंना काही लोक अल्पसंख्याक राहिले व त्यांना शिक्षण आणि कागदपत्रे आपल्या भाषेत मिळण्यात अडचणी आल्या.

6. सीमावाद: महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यातील वाद महाजन आयोगानंतरही मिटला नाही, कारण आयोगाचा अहवाल दोन्ही राज्यांना मान्य झाला नाही.

7. भाषा पुरेशी नाही: भाषा एक असली तरी विकासातील असमतोलामुळे 2014 मध्ये तेलंगण वेगळे झाले.

8. उपाय: राज्यघटनेच्या कलम 350 अ नुसार अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय नीट झाली, तर प्रादेशिकवाद कमी होऊन एकता टिकेल, कारण मग राज्य कोणतेही असले तरी भाषा सुरक्षित राहते.

शाळकरी अक्षरात हे दीड पानाच्या आत बसतं. सरावात घड्याळ लावून लिहून बघा. सहा मिनिटांत होत नसेल तर वाक्यं छोटी करा, मुद्दे कमी करू नका.

दोन जागा मुद्दाम बघण्यासारख्या आहेत. पाचव्या मुद्द्यात ‘दोन्ही बाजूंना’ हे शब्द आहेत. सीमाभागातल्या मुलाचा स्वतःचा अनुभव या मुद्द्यात पूर्ण आला आहे, फक्त ‘आम्ही’ हा शब्द आलेला नाही. सहाव्या मुद्द्यात कोणाचं बरोबर हे लिहिलेलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यावर निकाल देणं हे चार गुणांच्या उत्तराचं काम नाही आणि प्रश्नानेही ते विचारलेलं नाही. कुणाला यात दबून लिहिल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. घरी, सभेत, पत्रात जे लिहायचं ते लिहावं. इथे प्रश्न देशभरातल्या प्रांतरचनेचा आहे आणि बेळगाव हे त्यातलं एक उदाहरण आहे. पूर्ण उत्तर उदाहरणानेच भरलं तर मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

आठव्या मुद्द्यातल्या कलमाबद्दलही थोडं सांगतो, कारण ते आपल्या मुलांच्या कामाचं आहे. 350 अ हे कलम मूळ राज्यघटनेत नव्हतं. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते घातलं गेलं, प्रांतरचनेच्याच वर्षी. त्याच दुरुस्तीत 350 ब आलं, ज्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. म्हणजे नव्या राज्यांत काही लोक भाषेने अल्पसंख्याक राहतील हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांनी धरलेलं होतं. हे माहीत असलेला मुलगा उपायाचा मुद्दा आत्मविश्वासाने लिहितो. कलमाचा आकडा आठवत नसेल तर ‘राज्यघटनेने भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या संरक्षणानुसार’ एवढं पुरे.

उलट मत असेल तर

मुलं नेहमी विचारतात, ‘सर, कुठलं मत बरोबर?’ मतप्रश्नात मताला गुण नसतात, कारणांना असतात. वरचंच उत्तर उलटं करून दाखवतो.

पहिली ओळ अशी होईल: ‘भाषावार प्रांतरचनेने लोकांची सोय झाली, मात्र माझ्या मते तिच्यामुळे प्रादेशिकवादाला अधिक बळ मिळाले.’ आता मर्यादांचे तीन मुद्दे वर जातील आणि त्यांत चौथा येईल: ‘भूमिपुत्र: राज्याची ओळख भाषेवर ठरल्यामुळे नोकऱ्या स्थानिक भाषिकांनाच मिळाव्यात अशा मागण्या अनेक राज्यांत झाल्या.’ हे मित्रही नाकारणार नाही. खाली एकतेचे तीन मुद्दे राहतील, प्रशासन आणि शिक्षण मिळून एक, विखुरलेले लोक एक, घटनेची चौकट एक. उपाय तोच.

फक्त तेलंगणाचा मुद्दा इथे जपून वापरायला हवा. तो मुद्दा सांगतो की प्रादेशिकवाद भाषेशिवायही वाढतो. म्हणजे तो या मताच्या विरोधातच जाऊ शकतो. म्हणून त्याचं वाक्य बदला: ‘एकदा भाषेवर राज्ये दिली गेल्यावर इतर कारणांवरूनही वेगळ्या राज्याच्या मागण्या वाढल्या, उदा. तेलंगण.’ तेच उदाहरण, पण आता ते या बाजूचं काम करतं. मत बदललं की प्रत्येक मुद्दा पुन्हा तपासावा लागतो. नुसते मथळे खालीवर करून भागत नाही, आणि पाठ केलेलं आदर्श उत्तर याच जागी उघडं पडतं.

जिथे दुसरी बाजू नसते

एक धोका असा की समतोल शिकवला की मुलं सगळीकडे तो घालतात. ‘अस्पृश्यता ही मानवतेला कलंक आहे, समर्थन करा’ या प्रश्नाला कुणी दोन मुद्दे ‘फायदे’ म्हणून लिहिले तर ते समतोल नव्हे, ती चूक आहे. राज्यघटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. हुंड्याचंही तसंच, 1961 च्या कायद्याने तो देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. स्त्रीभ्रूणहत्या, बालविवाह, मतं विकणं यांनाही दुसरी बाजू नाही.

अशा ठिकाणी समतोल उपायांत येतो. ‘हुंडा बंद करायला कायदा पुरेसा आहे का, तुमचे मत लिहा’ असा प्रश्न असेल तर एकीकडे कायद्याने काय साधलं हे लिहा, म्हणजे गुन्हा ठरला, तक्रार करता येते, शिक्षा होते. दुसरीकडे कायदा कुठे अडतो हे लिहा, म्हणजे देणं-घेणं ‘भेट’ या नावाने चालतं आणि सोयरीक मोडेल या भीतीने मुलीकडचे तक्रार करत नाहीत. मूल्याबद्दल वाद नाही, मार्गाबद्दल आहे. प्रश्न वाचल्यावर स्वतःला एवढंच विचारा, हा प्रश्न मूल्याबद्दल आहे की मार्गाबद्दल? मूल्याबद्दल असेल आणि ते मूल्य घटनेत असेल तर एकच बाजू. मार्गाबद्दल असेल तर दोन्ही.

तीन गुणांना तेच उत्तर

भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न तीन गुणांना आला तर सहा मुद्दे हवेत आणि पावणेसात मिनिटं मिळतात. मग कुठले दोन काढायचे? पहिला आणि दुसरा एकत्र करा: ‘प्रशासन व शिक्षण लोकांच्या भाषेत आल्यामुळे सामान्य माणसाचा सहभाग वाढला.’ आणि सीमावादाचा सहावा मुद्दा काढून टाका. बेळगावच्या मुलाला हे जिवावर येईल, पण अल्पसंख्याकांच्या पाचव्या मुद्द्यात तो विषय येऊन गेलेला असतो आणि तेलंगणाचा मुद्दा मात्र दुसऱ्या कुठल्या मुद्द्यात सामावत नाही. मताची ओळ तशीच ठेवा, ती मुद्द्यांत मोजली जात नसली तरी बाकी सगळं तिच्यावर टेकलेलं असतं. दोनच गुणांना आला तर मत, बाजूचे दोन मुद्दे, मर्यादेचा एक आणि उपायाचा एक, एवढ्यावर थांबा आणि पुढच्या प्रश्नाला लागा.